चार आणे की चारा? फोनवर मुलाखत स्वच्छ कशी रेकॉर्ड करायची

माझी आत्या माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. सुकडी, मिलोच्या लाल भाकरी, कामावरचा मुकादम, हे सगळं तिच्या तोंडून ऐकत आम्ही मोठे झालो. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की हे सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवायचं. गेलो, टीपॉयवर फोन ठेवला, लाल बटण दाबलं आणि दीड तास ती बोलली. घरी येऊन ऐकलं तर पंखा बोलतोय आणि मागं कुठंतरी आत्या.

त्यात एक वाक्य होतं. "कामावनं येताना मालक चाराणं..." आणि पुढचं पंख्याच्या घरघरीत गेलं. मी ते वीस वेळा ऐकलं. ती "चार आणे" म्हणतेय की "चारा आणं", म्हणजे तिचे मालक, आमचे मामा, चारा आणायचे, हे कळेना. आपल्या बोलीत हे दोन्ही घाईत म्हटलं की "चाराणं"च होतं. फरक फक्त च मध्ये. चार मधला च वेगळा आणि चारा मधला, दातांमागून येणारा च वेगळा. आणि माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नेमका तोच फरक उरला नव्हता.

तो का उरला नाही याची कारणं शोधताना जे हाती लागलं ते इथं मांडतोय. बहुतेकांना वाटतं की फोन साधा आहे म्हणून आवाज खराब येतो. माझा फोन तेव्हाही ठीक होता आणि दुसऱ्या खेपेला नेला तोही तोच होता.

सगळ्यात आधी अंतर. आत्याच्या तोंडापासून टीपॉयवरचा फोन साधारण एक मीटर लांब होता. आपल्या कानाला हे अंतर काहीच वाटत नाही, कारण मेंदू समोरच्या माणसाचा आवाज वेचून घेतो आणि पंखा, फ्रिज, बाहेरची मोटारसायकल बाजूला सारतो. माइकला मेंदू नाही. त्याच्यापर्यंत जे पोचेल ते सगळं तो सारख्याच इमानाने लिहून घेतो.

आता हिशोब बघा. माइक आणि तोंडातलं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. एक मीटरवरून २० सेंटिमीटरवर, म्हणजे एका वितीवर आलात, तर अंतर पाचपट कमी झालं आणि आवाज सुमारे १४ डेसिबलने वर गेला. पंखा मात्र छतालाच आहे. तो जेवढा आधी ऐकू येत होता तेवढाच आताही येतो. म्हणजे आवाज आणि पंखा यांच्यातली दरी एका झटक्यात १४ डेसिबलने रुंदावली. हे काम नंतर संगणकावर कुठलंही सॉफ्टवेअर इतकं स्वच्छ करून देत नाही. तिथं आवाज मोठा केला की पंखाही त्याच्याबरोबर मोठा होतो.

पंख्यापेक्षाही वाईट असतो तो खोलीचा घुमारा. तोंडातून निघालेला आवाज एकदा थेट माइककडे जातो आणि मग भिंती, फरशी, छत यांना धडकून पुन्हा पुन्हा येत राहतो. थेट आवाज अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, पण हा धडकून येणारा आवाज खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. त्यामुळे एक अशी हद्द असते की तिच्या पलीकडे माइकला माणसापेक्षा खोली जास्त ऐकू येते. दहा बाय तेराची, फरशी घातलेली, उघड्या भिंतींची खोली धरली तर ती हद्द जेमतेम दीड फुटावर येते. माझा फोन तीन फुटांवर होता. म्हणजे मी आत्याला रेकॉर्ड करत नव्हतो, तिच्या पुढच्या खोलीला रेकॉर्ड करत होतो. घुमाऱ्यात शब्दांची शेपटं एकमेकांवर चढतात, म्हणून आवाज मोठा असूनही शब्द कळत नाही. विहिरीत कुणीतरी बोलतंय असं वाटलं तर समजायचं की माइक लांब आहे.

तर माइक वितीवर आणायचा. कसा, हे तुमच्याकडे काय आहे त्यावर ठरतं.

वेगळा माइक नसेल आणि फक्त फोनच असेल, तर आधी फोनचा मुख्य माइक कुठे आहे ते बघा. जवळपास सगळ्या फोनमध्ये तो खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारच्या बारीक भोकात असतो. वरच्या कडेला किंवा कॅमेऱ्याजवळ आणखी एखादा असतो, पण साध्या रेकॉर्डिंगला बहुधा खालचाच कामाला येतो. म्हणजे फोनची खालची कड बोलणाऱ्याकडे हवी. लोक नेमकं उलट करतात. स्क्रीन आपल्याला दिसावी म्हणून खालची कड स्वतःकडे ठेवतात आणि मग आपले "हो, हो" ठणठणीत येतात आणि पाहुण्याचं बोलणं पडद्याआडून.

पुरुष असेल आणि शर्टाला वरचा खिसा असेल तर एक फार चांगली जागा आहे. फोन उलटा करून खिशात ठेवायचा, म्हणजे चार्जिंगची खाच वर. तिथून तोंड वीत-दीड वितीवर येतं. खिशात पेन, चष्मा, सुट्टे पैसे नकोत, आणि फोनचं कव्हर भोकावर आलेलं नाही ना, एवढं पाहायचं. साडीला खिसा नसतो, तेव्हा बाजूला एखादं उंच स्टूल किंवा गाद्यांची चळत घेऊन फोन छातीच्या उंचीला आणता येतो. फोनखाली दुमडलेला टॉवेल हवाच. लाकडावर नुसता ठेवलेला फोन टेबलाशी एकजीव होतो. मग कुणी कप ठेवला, बोटानं टकटक केलं, की रेकॉर्डिंगमध्ये सुतारकाम चालल्यासारखं ऐकू येतं. आणि फोन हातात धरून मुलाखत घ्यायची तर नाहीच. बोटांची प्रत्येक हालचाल उमटते.

पाचसहाशे रुपये खर्चायची तयारी असेल तर कॉलर माइक घ्या, वायरवाला. छोटासा चिमटा, शेंगदाण्याएवढा माइक, आणि लांब वायर. लांबीचा फायदा असा की फोन तुमच्याजवळ राहतो आणि माइक त्यांच्या छातीवर. दुसऱ्या खेपेला मी हाच नेला.

इथं एक खोडा आहे, तो सांगतो, कारण त्यात मी एक पूर्ण मुलाखत घालवली आहे. कॉलर माइकची पिन दोन प्रकारची असते. कॅमेऱ्यासाठीच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, फोनसाठीच्या पिनेवर तीन. कॅमेऱ्याची पिन फोनला बसते छान, पण फोनला कळतच नाही की माइक लावलाय. तो गुपचूप स्वतःचाच माइक वापरत राहतो. पडद्यावर रेषा नाचत असतात, सगळं आलबेल वाटतं. गोल भोक नसलेल्या फोनला यूएसबी-सीचा जोड लावावा लागतो, तिथंही तसंच. काही जोड फक्त गाणी ऐकण्यापुरते असतात, माइक त्यांच्यातून जातच नाही. ओळखायची खूण सोपी आहे. रेकॉर्डिंग चालू करून कॉलर माइकच्या जाळीवर नखानं हलकं खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर खरवडा. ऐका. ज्याचं खरवडणं मोठं, तो माइक चालू आहे. प्रत्येक वेळी, प्रत्येक मुलाखतीआधी. काही माइकच्या वायरवर एक छोटी डबी असते आणि तिला फोन आणि कॅमेरा अशी कळ असते, तीही बघून घ्यायची.

कानात घालायचे ब्लूटूथचे इअरफोन माइक म्हणून वापरायचा मोह टाळा. ते बोलण्यासाठी माइक चालू करतात तेव्हा बहुतेकदा कॉलच्या दर्जावर उतरतात आणि आवाज टेलिफोनसारखा होतो.

माइक लावायचा कुठे, तर हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मधोमध. गळ्याला अगदी चिकटून लावला तर हनुवटीच्या आडोशाला जातो आणि आवाज दबतो. पार खाली पोटाकडे गेला तर लांब पडतो. आत्याच्या बाबतीत अडचण मंगळसूत्राची होती. ती बोलताना पुढं झुकली की वाट्या माइकवर आपटायच्या आणि दर वाक्याला टिणटिण. मी म्हटलं, "आत्या, मंगळसूत्र जरा पदराआड घ्या." पदर सुती होता ते बरं झालं. नायलॉन किंवा जरीचा पदर माइकवर घासला की वाळक्या पानांसारखा कुरकुरतो. पदराच्या काठाला, जिथं कापड दुहेरी आणि जड असतं तिथं चिमटा लावला. चिमट्याखालून वायरीचा एक छोटा फास करून तो औषधाच्या दुकानातल्या कागदी चिकटपट्टीनं ब्लाउजला चिकटवला. वायर ओढली गेली तर झटका त्या फासापाशी थांबतो, माइकपर्यंत जात नाही.

आणि माइक तोंडासमोर सरळ रेषेत धरू नका. तळहात तोंडासमोर धरून "पापड, फणस, भाकरी" म्हणा. प, फ, भ ला हवेचा झोत हाताला लागतो. तोच झोत माइकच्या पडद्यावर आदळला की "धप्" असा फुगा फुटतो. छातीवर लावलेला माइक झोताच्या वाटेतून आपोआप बाजूला राहतो, म्हणून ती जागा चांगली. फोन स्टुलावर असेल तर तो थोडा तिरका, गालाच्या बाजूला ठेवा.

खोलीबद्दल फार काही करावं लागत नाही, फक्त योग्य खोली निवडावी लागते. घरातली सगळ्यात सजवलेली खोली पाहुण्यांसाठी देतात, आणि तीच रेकॉर्डिंगला सगळ्यात वाईट असते. गुळगुळीत फरशी, काचेचं कपाट, उघड्या भिंती. प्रत्येक खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर झणझण ऐकू आली तर पुढच्या खोलीत जा. आत्याच्या घरात सगळ्यात चांगली निघाली ती गाद्या-गोधड्या रचून ठेवलेली आतली खोली. वाळत घातलेल्या लुगड्यांनी एक भिंत झाकली होती. टाळी वाजवली आणि ती जागीच मेली. आत्याला काही ते पटेना. "आडगळीत कशाला बसायचं, सोप्यात बस की!" पण बसली.

पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणं सोपं नाही, म्हणून सकाळी सहालाच सुरू केलं आणि वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून मध्ये पंखा लावला. फ्रिजही बंद करायचा, आणि बंद करताना आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे. फ्रिज परत चालू केल्याशिवाय तुम्ही घरी जाऊच शकत नाही.

सुरू करण्याआधी सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची. उरलीसुरली घरघर नंतर काढायची असेल तर ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरला आधी दाखवावं लागतं की गोंगाट म्हणजे नेमका कुठला. त्यातल्या Noise Reduction मध्ये हा अर्धा मिनिट निवडून Get Noise Profile दाबायचं, मग पूर्ण फाइल निवडून तोच परिणाम लावायचा. बेतानं लावा. जास्त ओढलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं होतं, आणि तो आवाज पंख्यापेक्षाही नकोसा.

आता आवाजाची पातळी. डिजिटल रेकॉर्डिंगला एक छत असतं, त्याला शून्य म्हणतात. बाकी सगळे आकडे शून्याच्या खाली, म्हणजे उणे. आवाज छताला लागला की लाटेचा माथा कापला जातो आणि सपाट होतो. यालाच आपण "आवाज फाटला" म्हणतो. कापलेला माथा कुठं साठवलेलाच नसतो, त्यामुळे तो परत मिळत नाही. उलट आवाज थोडा बारीक आला तर नंतर वाढवता येतो. म्हणून चूक करायचीच असेल तर बारीकच्या बाजूला करायची.

बोलण्याचे मोठे उंचवटे उणे १२ डेसिबलच्या आसपास यावेत. ॲपमध्ये आकडे नसतील आणि नुसती नाचणारी लाट असेल तर डोळ्यानं बघा. लाटेच्या चित्रात अर्धी उंची म्हणजे उणे ६ आणि पाव उंची म्हणजे उणे १२. म्हणजे साधं बोलताना लाट पाव उंचीपर्यंत गेली की पुरे. लोकांना हे फार कमी वाटतं, लाटेनं चौकट भरली नाही तर चुकल्यासारखं वाटतं. पण १६ बिटच्या फाइलमध्ये छत आणि तळ यांच्यात सुमारे ९६ डेसिबलची उंची असते आणि आपल्या शांत खोलीतला गोंगाटसुद्धा त्या तळाच्या खूप वर असतो. वरचे बारा डेसिबल मोकळे सोडल्यानं काहीही बिघडत नाही.

ते मोकळे का सोडायचे, हे मला आत्यानं शिकवलं. चाचणीला मी तिला विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?" ती हळू आवाजात म्हणाली, "च्या-बटर." त्या आवाजावर मी पातळी लावली, चांगली भरघोस. पंधरा मिनिटांनी मुकादमाची गोष्ट निघाली आणि तो पोरींवर कसा ओरडायचा हे तिनं ओरडून दाखवलं. रेष थेट छताला. ते वाक्य आजही माझ्याकडे फाटलेलं आहे. तेव्हापासून चाचणीला मी खाण्याचं विचारत नाही. "शेताच्या पलीकडच्या माणसाला हाक मारून दाखवा" म्हणतो, आणि पातळी त्या हाकेवर लावतो. ॲपमध्ये पातळी कमी करायची सोय नसेल तर माइक एका वितीवरून दीड वितीवर सरकवायचा, साडेतीन डेसिबल तिथंच सुटतात.

फोनमध्ये आणखी एक गडी मध्ये लुडबुडत असतो. बरेच रेकॉर्डर पातळी स्वतःच वरखाली करतात. बोलणं थांबलं की त्यांना वाटतं आवाज कमी झाला, म्हणून ते उचलतात, आणि शांततेत पंखा हळूहळू वर चढत येतो. माणूस बोलला की पंखा पुन्हा खाली बसतो. श्वास घेतल्यासारखा हा प्रकार ऐकू आला तर समजायचं की ही आपोआप पातळी चालू आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये Automatic gain control असं काही असेल तर बंद करा. माइकचा प्रकार निवडायला मिळत असेल तर Unprocessed किंवा Raw बघा. यातलं काहीच नसेल तर पुन्हा तीच वीत मदतीला येते. माइक जवळ असला की त्याला उचलायला कारणच फार मिळत नाही.

आता फाइल. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमधल्या च चा घात अंतरानं अर्धा केला आणि उरलेला अर्धा फाइलच्या प्रकारानं. जागा वाचावी म्हणून मी कधीतरी ॲपमध्ये सगळ्यात हलका दर्जा निवडून ठेवला होता. ती `.amr` फाइल निघाली. हा प्रकार मुळात मोबाइलवरच्या कॉलसाठी बनवलेला आहे. तो आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतो. नमुने जितके, त्याच्या निम्म्याच कंपनांपर्यंतचा आवाज टिकतो, म्हणजे इथं ४,००० हर्ट्झपर्यंत. आ, ई, ऊ हे स्वर त्याच्या खाली आरामात बसतात, म्हणून माणूस ओळखू येतो आणि आपल्याला वाटतं की ठीक आहे. पण स चा सीत्कार बराचसा ४,००० च्या वर असतो. दातांमागच्या च मध्येही त आणि स मिसळलेले असतात, आणि त्याची ओळख त्या वरच्या सीत्कारातच असते. चार मधल्या च ची घासण त्यापेक्षा खाली, श सारखी. वरचं सगळं छाटलं की चारा आणि चार, पाण्याचा जग आणि हे जग, एकमेकांच्या अंगावर येऊन बसतात. फोनवर नाव सांगताना "समोशातला स" असं सांगावं लागतं ते याचमुळे.

मग निवडायचं काय? मूळ रेकॉर्डिंग `.wav`, ४८,००० नमुने, १६ बिट, मोनो. माइक एकच असताना स्टिरिओनं काही मिळत नाही, नुसती फाइल दुप्पट होते. या दरानं एका तासाला साधारण ३४५ एमबी लागतात. फोनमध्ये जागा नसेल तर `.m4a`, १२८ केबीपीएस. त्याला तासाला जेमतेम ५८ एमबी लागतात आणि बोलण्यासाठी तो अगदी चांगला आहे, च-ज सकट. आयफोनच्या Voice Memos मध्ये सेटिंगमध्ये Audio Quality आहे, तिथं Lossless निवडलं की काहीही न गाळता साठवतं.

`.wav` कडे माझा कल असण्याचं एक वेगळं कारण आहे. बॅटरी संपून फोन मध्येच बंद पडला तर `.m4a` फाइल बऱ्याचदा उघडतच नाही, कारण आत काय कुठे आहे याची यादी ती सहसा शेवटी लिहिते आणि शेवट आलेलाच नसतो. `.wav` मध्ये आवाज सरळ ओळीनं ओतलेला असतो, त्यामुळे तोपर्यंतचा भाग बहुधा बाहेर काढता येतो. तरीही दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबवून नवी फाइल सुरू करावी. फोन विमान मोडवर, बॅटरी भरलेली, चार्जर काढलेला. चार्जर लावला की कधी कधी बारीक गुणगुण येते. आणि बॅटरी वाचवायचा मोड बंद, कारण स्क्रीन काळी झाल्यावर तो कधी कधी रेकॉर्डरलाच झोपवतो. मुलाखतीत तुम्हाला ते कळत नाही, घरी कळतं.

फाइल नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना Document म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशी पोचते. फोनच्या स्पीकरवर वाजवून व्हॉइस नोट करून पाठवणारे महाभाग आमच्या घरात आहेत.

व्याख्यानाचं गणितही हेच, फक्त अंतर आणखी क्रूर. तिसऱ्या रांगेत मांडीवर फोन ठेवून तुम्ही वक्त्यापासून सहा मीटरवर असाल, तर ते वितीच्या तीसपट अंतर झालं. थेट आवाज जवळजवळ ३० डेसिबलने खाली. वर सभागृहाचा घुमारा आणि शेजारच्या काकांचा खोकला. लाउडस्पीकरसमोर फोन ठेवला तर आवाज मोठा येतो, पण तो आधीच एकदा दुसऱ्या माइकमधून आणि भोंग्यातून जाऊन आलेला असतो. त्यात शिट्टी आली तर तीही येते. आयोजकांना विचारून व्यासपीठावर जा आणि फोन उलटा करून वक्त्याच्या वरच्या खिशात द्या, किंवा कॉलर माइक लावून फोन त्यांच्या झब्ब्याच्या खिशात सोडा. पोडियमवर ठेवायचाच तर टॉवेलवर आणि कागदांपासून लांब, कारण टिपणाचं पान उलटलं की माइकशेजारी पत्रा वाजल्यासारखं होतं. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घ्यायचा सल्ला पुष्कळ जण देतात. पण तिथून येणारा सिग्नल फोनच्या माइकसाठी फार जोरकस असतो आणि मध्ये तो कमी करणारा जोड नसेल तर पहिल्या वाक्यापासून फाटतो. श्रोत्यांचे प्रश्न तुमच्या माइकला ऐकू येणार नाहीत, तेव्हा वक्त्याला आधीच सांगून ठेवा की प्रश्न एकदा स्वतः म्हणून मग उत्तर द्या.

रेकॉर्डिंग संपलं की निघण्याआधी हेडफोन लावून सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा अर्धा-अर्धा मिनिट ऐकायचा. आणि पूर्ण फाइल त्याच संध्याकाळी ऐकायची, कारण न कळलेला शब्द विचारायला माणूस अजून हाताशी असतो.

दुसऱ्या खेपेला मी आत्याला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. आतली खोली, पंखा बंद, पदराच्या काठाला माइक. या वेळी च लख्ख आला, चार मधला. तरी खात्रीसाठी विचारलं, "आत्या, कामावरून येताना मामा चारा आणायचे का?"

"चारा कुटला रं? चाराणं! चाराण्याचा गूळ आणायचं पोरास्नी. चारा आसता तर बैल इकला आसता व्हय आमी?"